हाफ बॅग मिक्सरवर स्लॅब भरताना बॅच आणि तासांच्या हिशेबातील या चुका टाळा

घराच्या स्लॅबला किती सिमेंट लागेल हे बहुतेक जण विचारून ठेवतात, परंतु तेवढे काँक्रीट मिक्सरमधून बाहेर पडण्यास किती तास लागतील याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. पुढील विवेचनासाठी ३० फूट लांब, २५ फूट रुंद आणि ५ इंच जाड स्लॅबचे उदाहरण घेऊ. ३० फुटांच्या दिशेने तीन बीम आणि दोन्ही टोकांना २५ फुटांचे दोन बीम आहेत. सर्व बीम ९ इंच रुंद असून स्लॅबच्या खाली १० इंच उतरतात. स्लॅबचे काँक्रीट सुमारे ३१२ घनफूट आणि बीमचे ८८ घनफूट, म्हणजे एकूण ४०० घनफूट किंवा ११.३ घनमीटर होते. सांडलवंडीसाठी ५ टक्के धरल्यास मिक्सरमधून ४२० घनफूट काँक्रीट काढावे लागेल.

पहिली आणि सर्वांत महाग चूक या आकड्याला ड्रमच्या क्षमतेने भागण्याची आहे. हाफ बॅग मिक्सर बाजारात ५/३.५ या नावाने ओळखला जातो. त्यात ५ घनफूट कोरडा माल घालता येतो आणि ३.५ घनफूट ओले काँक्रीट तयार होऊ शकते, असा त्याचा अर्थ आहे. परंतु अर्ध्या गोणीतून प्रत्यक्षात तेवढे काँक्रीट मिळत नाही. एम २० या दर्जाच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू आणि खडीचे १ : १.५ : ३ हे प्रमाण धरले, तर २५ किलो सिमेंटचे घनफळ सुमारे १७.४ लिटर, त्यासोबत २६ लिटर वाळू आणि ५२ लिटर खडी, असा एकूण ९५ लिटर कोरडा माल ड्रममध्ये पडतो. खडीमधील पोकळ्या वाळूने आणि वाळूमधील पोकळ्या सिमेंट-पाण्याने भरत असल्यामुळे या मालाचे ओले काँक्रीट सुमारे ६२ लिटर, म्हणजे २.२ घनफूटच होते. ४२० ला ३.५ ने भागल्यास १२० बॅच येतात, तर २.२ ने भागल्यास १९१. खरा आकडा १९१ हाच आहे, आणि त्यावरून सिमेंटच्या ९६ गोण्या लागतात. एक घनमीटर एम २० साठी सुमारे ८ गोण्या हा साइटवरील रूढ अंदाजही याच्याशी जुळतो. ड्रम रिकामा दिसतो म्हणून मुकादम त्याच अर्ध्या गोणीवर खडीची दोन घमेली जास्त टाकू लागला, तर बॅच कमी होतील हे खरे, परंतु ते काँक्रीट एम २० राहणार नाही.

पावसाळ्यात किंवा वाळू धुऊन आली असेल तेव्हा आणखी एक तूट येते. ओलसर वाळू फुगते, त्यामुळे फर्मा किंवा घमेले तेवढेच भरले तरी प्रत्यक्ष वाळू कमी पडते. फुगवटा २५ टक्के असेल आणि त्यासाठी माप वाढवले नसेल, तर बॅचमागे मिळणारे काँक्रीट सुमारे ५ टक्क्यांनी घटते आणि १९१ च्या जागी २०० बॅच लागतात.

आता वेळेकडे वळू. सर्व माल ड्रममध्ये गेल्यानंतर तो किमान २ मिनिटे फिरला पाहिजे, असे आय. एस. ४५६ या संहितेत सांगितले आहे. घमेल्यांनी माल टाकण्यास दीड मिनिट आणि ड्रम रिकामा करण्यास अर्धे मिनिट धरल्यास एका बॅचला ४ मिनिटे लागतात. येथेच दुसरी चूक होते : तासाला १५ बॅच गृहीत धरून सकाळी आठची वेळ ठरवली जाते. पाणी पिणे, डिझेल भरणे, वाळूचा ढीग जवळ ओढणे यांत तासातील दहा मिनिटे सहज जातात, त्यामुळे साडेबारा बॅच हाच भरवशाचा आकडा समजावा. त्या हिशेबाने १९१ बॅचला एका मिक्सरवर सव्वापंधरा तास लागतील. संध्याकाळपर्यंत स्लॅब पुरा करायचा असेल, तर दोन मिक्सर आणि दोन्हींना माल पुरवणारे मजूर स्वतंत्र हवेत. मग काम पावणेआठ तासांत होते, शिवाय सुरुवातीची जुळवाजुळव आणि शेवटची धुलाई वेगळी. एकाच मिक्सरवर ‘उरकून टाकू’ असे कोणी म्हणत असेल, तर ते तास मिश्रणाच्या दोन मिनिटांतूनच कापले जातात, हे ओळखावे. खडीवर सिमेंटचा लेप नीट न बसलेला, ठिपकेदार माल ड्रममधून पडू लागला की ही काटछाट उघड होते.

वेग कमी असल्याचा खरा धोका भरत आलेल्या काँक्रीटच्या पुढच्या कडेवर दिसतो, आणि त्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. काँक्रीट टोकाच्या बीमपासून सुरू करून २५ फूट लांबीच्या आडव्या पट्ट्यांनी पुढे नेले, तर मधल्या भागात स्लॅब आणि तीन बीम मिळून प्रत्येक फुटाला सुमारे १२.३ घनफूट माल लागतो. एक मिक्सर तासाला २७ घनफूट माल देतो, म्हणजे कड तासाला जेमतेम २ फूट सरकते. गवंड्याने ४ फूट रुंदीचा पट्टा धरला, तर एका कोपऱ्यात ओतलेल्या काँक्रीटला नवा माल भेटेपर्यंत जवळजवळ दोन तास जातात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तेवढ्या वेळात ती कड ताठ होऊन थंड सांधा, म्हणजे जुने आणि नवे काँक्रीट न जुळलेली रेघ, तयार होतो. व्हायब्रेटरची सुई जुन्या कडेत स्वतःच्या वजनाने शिरत नसेल, तर तेथील काँक्रीट नव्याशी एकजीव होणार नाही, असे समजावे. म्हणून मिक्सर एकच असेल तर पट्टा दीड ते दोन फुटांचाच ठेवावा.

काम चालू असताना हिशेब पडताळण्यासाठी बॅचची नोंद खडूने फळीवर करत राहावी. ४० बॅच झाल्यावर टोकाचा बीम आणि त्यापुढे साधारण साडेपाच फूट स्लॅब भरलेला असला पाहिजे. तो साडेचार फूटच भरला असेल, तर आधी स्लॅबची जाडी मोजावी. सेंटरिंग बसले असेल किंवा लेव्हलची दोरी चुकली असेल. पूर्ण स्लॅबवर अर्धा इंच जाडी वाढली, तर ३१ घनफूट, म्हणजे १४ बॅच आणि एका तासाहून अधिक काम वाढते. जाडी बरोबर असूनही कड मागे पडत असेल, तर वर सांगितलेली ओल्या वाळूची तूट तपासावी.

बॅच मोजमापाप्रमाणे निघत असूनही तास वाढत असतील, तर घड्याळ लावून सलग १० बॅच पाहाव्यात. त्यांना ४८ मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ लागला, तर अडथळा कोठे आहे ते ड्रमच सांगतो. तयार माल घेऊन तो थांबला असेल, तर वर नेणारी लिफ्ट किंवा घमेल्यांची साखळी कमी पडते आहे, आणि तेथे दुसरा मिक्सर आणून काहीही साधणार नाही. ड्रम रिकामा फिरत असेल, तर खडी-वाळूचे ढीग दूर आहेत किंवा माल भरणारे हात कमी आहेत. माल लवकर सुटावा म्हणून पाणी वाढवणे हा तिसरा, चुकीचा उपाय असून तो मजुरांना कोणी सांगावा लागत नाही. म्हणून पाण्याचे मापाचे डबडे मिक्सरवाल्याच्या हातातच असावे.

मिक्सर मध्येच बंद पडला आणि तासाभरात सुरू होण्याची चिन्हे नसतील, तर कड उतरती तशीच सोडून देऊ नये. हाती असलेल्या मालात बीमच्या गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागापर्यंत पोहोचता येत असेल, तर तेथे फळी उभी लावून सांधा सरळ आणि उभा घ्यावा. कॉलमलगत तो येऊ देऊ नये. त्यासाठी कोणत्या दोन-तीन जागी थांबता येईल हे आदल्या दिवशीच अभियंत्याकडून विचारून सेंटरिंगच्या कडेला खुणा करून ठेवाव्यात.