होमस्टेला आधारचा फोटो पाठवताय? चोवीस तासात खरंच काय जातं आणि काय उरतं

तारकर्लीला माझ्या आतेभावाचं होमस्टे आहे, चार खोल्या, मागे माड आणि पुढे समुद्र, आणि त्याच्या बुकिंगचं व्हॉट्सॲप बऱ्याचदा मीच बघतो. दिवाळीच्या सुट्टीत नि मे महिन्यात पाहुण्यांचे आधार कार्डाचे फोटो नुसते येत असतात. हल्ली बरेच पाहुणे पाठवायच्या आधी चॅटला मेसेज आपोआप घालवणारा टायमर लावतात नाहीतर फोटो एकदाच उघडावा म्हणून त्यावर व्ह्यू वन्सचा तो १ चा आकडा दाबून पाठवतात, आणि मग निर्धास्त होतात. पण या दोन्ही गोष्टी वेगवेगळं काम करतात आणि दोन्हीतून काही ना काही मागे राहतं, ते समोरच्या बाजूने मी रोज बघतो म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी टायमर. चॅट उघडा, वर नावावर टॅप करा, खाली डिसअपिअरिंग मेसेजेस दिसेल, तिथे २४ तास, ७ दिवस, ९० दिवस आणि ऑफ एवढेच पर्याय आहेत, तुम्ही २४ तास निवडा. समोरच्यालाही चॅटमध्ये ओळ दिसते की टायमर चालू झालाय, म्हणजे गुपचूप काही होत नाही. एक लक्षात ठेवा, टायमर लावल्यानंतर पाठवलेल्यालाच तो लागतो. कालच फोटो पाठवला आणि आज टायमर लावला तर कालचा फोटो तिथेच राहणार, तो हाताने डिलीट करावा लागतो. आणि वेळ मोजायला सुरुवात होते पाठवल्यापासून, समोरच्याने वाचल्यापासून नाही. सिग्नल ॲपमध्ये उलटं आहे, तिथे घेणाऱ्याकडे वाचल्यावर घड्याळ सुरू होतं. त्यामुळे एका ॲपची सवय दुसऱ्यात धरून बसू नका.

आता एक केस घेऊ, अगदी अशीच घडते. समजा पुण्याहून एक ताई शुक्रवारी सकाळी १० वाजता २४ तासांचा टायमर लावून आधारचा फोटो पाठवतात. शनिवारी सकाळी १० ला दोघांच्याही चॅटमधून तो फोटो जाणार, कोणी तो चॅटमध्ये कीप करून ठेवला नसेल तर. पण मधल्या चोवीस तासात आमच्याकडे काय झालं ते बघा.

आतेभावाला, म्हणजे आमच्या दादाला, रजिस्टरला लावायला झेरॉक्स लागते. घरी प्रिंटर नाही. मग तो फोटो मालवणच्या झेरॉक्सवाल्याला फॉरवर्ड करतो आणि बाजारात गेला की प्रिंट घेऊन येतो. आता त्या झेरॉक्सवाल्याच्या चॅटला टायमर नाही, त्यामुळे तिथे फॉरवर्ड झालेला फोटो शनिवारी जात नाही, तो तिथेच राहतो, कारण टायमर त्या एका चॅटचा असतो, फोटोचा नसतो. वर झेरॉक्सवाला व्हॉट्सॲप वेबवर काम करतो, प्रिंट काढायला फोटो आधी कॉम्प्युटरवर डाउनलोड करतो, म्हणजे डाउनलोड्स फोल्डरमध्ये आणखी एक कॉपी. त्या फोल्डरमध्ये कोणाकोणाची आधार, पॅन, सातबारा पडलेले असतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं, लोकांना पत्ताच नसतो.

दुसरी कॉपी गॅलरीत. फोटो उघडून कोणी सेव्ह केला किंवा फोनची सेटिंगच अशी असली की आलेला फोटो आपोआप गॅलरीत जातो, तर चॅटमधला टायमर त्या सेव्ह झालेल्या कॉपीला हात लावत नाही. अँड्रॉइडवर हे फोटो इथे बसतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images
```

आणि कोणी गूगल फोटोजमध्ये या फोल्डरचा बॅकअप चालू ठेवला असेल तर फोटो क्लाउडवरही जातो, मग तो त्या अकाउंटवर लॉगिन असलेल्या घरातल्या प्रत्येक फोनवर दिसतो. होमस्टेवाल्यांकडे तर एकच जीमेल बायको, मुलगा, कामावरचा पोरगा सगळ्यांच्या फोनवर असतो.

तिसरी जागा चॅट बॅकअप, आणि याबद्दल उगाच घबराट आहे, म्हणून नीट सांगतो. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज रात्री २ वाजता फोनमध्येच एक बॅकअप बनवतं, आणि सेटिंग असेल त्याप्रमाणे गूगल ड्राइव्हवरही टाकतं. शुक्रवारच्या रात्री २ ला फोटो चॅटमध्ये होता, म्हणजे तो बॅकअपमध्ये आला. पण दादाने आठवड्याने नवीन फोन घेऊन तो बॅकअप रिस्टोर केला तर व्हॉट्सॲप मुदत संपलेले मेसेज काढून टाकतं, चॅटमध्ये ते परत दिसत नाहीत. म्हणजे नेहमीच्या वापरात धोका कमी आहे, खरा प्रश्न त्या बॅकअप फाइलचा आहे, ती कोणाच्या हाती लागते यावर. म्हणून दोघांनीही सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप मध्ये जाऊन एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करावा, त्याला पासकी, पासवर्ड किंवा ६४ आकडी की लागते, आणि पासवर्ड किंवा की हरवली तर बॅकअप कोणीच उघडून देऊ शकत नाही, कागदावर लिहून कपाटात ठेवा. तुम्ही तुमच्याकडे हे केलं तरी समोरच्याच्या बॅकअपला ते लागू होत नाही, हेही आहे.

बाकी दोन छोट्या गोष्टी. तुमच्या मेसेजला कोणी रिप्लाय दिला तर त्या रिप्लायमध्ये वर जो मूळ मजकुराचा तुकडा दिसतो तो मुदत संपल्यावरही राहू शकतो, म्हणून खाते नंबर वगैरे मेसेजमध्ये टाइप करून पाठवत असाल तर जपून. आणि समोरच्याच्या अँड्रॉइडवर नोटिफिकेशन हिस्ट्री चालू असली तर मेसेजचा मजकूर तिथे २४ तासांपर्यंत वाचता येतो, चॅटमधून डिलीट केलात तरी.

स्क्रीनशॉटबद्दल तर स्पष्टच सांगतो, टायमरवाल्या चॅटमध्ये स्क्रीनशॉट बिनधास्त निघतो, अडवलाही जात नाही आणि पाठवणाऱ्याला कळतही नाही. आम्हाला पाहुण्यांनी किती वेळा विचारलंय की काका, स्क्रीनशॉट काढला तर मला मेसेज येईल ना? नाही येणार.

आता व्ह्यू वन्स. अटॅचमधून फोटो निवडा, खाली जिथे कॅप्शन लिहितात त्या पट्टीत गोलातला १ दिसतो, तो दाबा आणि मग पाठवा. प्रत्येक फोटोला वेगळा दाबावा लागतो. आधारची पुढची बाजू १ लावून आणि मागची, जिच्यावर पत्ता असतो, ती साधी पाठवणारे पाहुणे सर्रास येतात, म्हणून दुसऱ्या फोटोच्या वेळी परत बघा. हा फोटो समोरच्याला एकदाच उघडता येतो, सेव्ह होत नाही, फॉरवर्ड होत नाही, गॅलरीत जात नाही, ॲपमध्ये स्क्रीनशॉट घेऊ देत नाही. १४ दिवसात उघडलाच नाही तर आपोआप एक्स्पायर होतो. उघडला की तुम्हाला ओपन्ड असं दिसतं, पण समोरच्याने ब्लू टिक बंद ठेवल्या असतील तर ते दिसत नाही. बॅकअपचं इथे बरं आहे, उघडून झालेला फोटो बॅकअपमध्ये जात नाही, मात्र बॅकअपच्या वेळी तो न उघडलेला असेल तर त्यात जातो आणि रिस्टोर करता येतो.

मग व्ह्यू वन्समध्ये गळती कुठे? दुसरा फोन. समोरच्याने हातात दुसरा फोन घेऊन स्क्रीनचा फोटो काढला की झालं, त्याला कुठलंच ॲप अडवू शकत नाही. शिवाय बाहेरून डाउनलोड केलेली मॉडिफाइड व्हॉट्सॲप वापरणारे लोक आहेतच, त्यात हे नियम पाळले जातीलच याची खात्री नाही. समोरच्याने फोटो रिपोर्ट केला तर तो व्हॉट्सॲपकडेही जातो.

आणि होमस्टेच्या बाबतीत व्ह्यू वन्सची खरी अडचण वेगळीच आहे. दादाचं नेहमीचं, "अरे बघलंय आणि गेलो मां तो फोटो, आता झेरॉक्स खंयसून काढू?" मग तो फोन करतो, पाहुणा वैतागतो, आणि शेवटी तोच फोटो साधा पाठवतो, टायमर पण न लावता. म्हणजे सगळ्यात वाईट पर्याय. माझं मत स्पष्ट आहे, ज्याला कागद लागणार आहे त्याला व्ह्यू वन्स पाठवू नका, ते फक्त बघण्यापुरतं ज्यांना लागतं त्यांच्यासाठी ठेवा.

मी पाहुण्यांना काय सांगतो ते सांगतो.

पहिलं, फोटो काढून पाठवू नका, मास्क्ड आधार पाठवा. myaadhaar.uidai.gov.in वर लॉगिन करून आधार डाउनलोड करताना मास्क्ड आधारचा पर्याय टिक करा, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे ४ दिसतात. ती पीडीएफ पासवर्डची असते, पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. प्रिंट काढणाऱ्याला तोही द्यावा लागेल, नाहीतर पीडीएफ उघडून त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. हा झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर राहिला तरी पूर्ण नंबर राहत नाही. मूळ कार्ड चेक-इनला दाखवायचं.

दुसरं, पाठवायच्या आधी २४ तासांचा टायमर लावा, आणि चॅटच्या त्याच माहिती पानावर ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी असेल तर तीही चालू करा, तिने चॅट एक्सपोर्ट करता येत नाही आणि आलेले फोटो आपोआप फोनवर सेव्ह होणं थांबतं. स्क्रीनशॉट आणि हाताने फॉरवर्ड मात्र तिने थांबत नाही.

तिसरं, चेकआउट झाल्यावर होमस्टेवाल्याला सरळ विचारा, लाजू नका. नुसतं "डिलीट करा" म्हणू नका, कारण तो चॅटमधलं डिलीट करून मोकळा होतो. आमच्याकडे आता हा क्रम आहे: आधी झेरॉक्सवाल्याला पाठवलेला मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन, पण तो साधारण दोन दिवसांच्या आतच होतो, म्हणून प्रिंट हातात आली की दुकानातच. मग त्याच्यासमोर उभं राहून डाउनलोड्समधली फाइल आणि रिसायकल बिन. मग आपल्या फोनची गॅलरी. आणि गूगल फोटोजची बिन, कारण बॅकअप झालेला फोटो तिथे डिलीट केल्यावरही ६० दिवस पडून राहतो आणि कोणीही रिस्टोर करू शकतं. झेरॉक्सवाला सुरुवातीला कुरकुरला, आता आम्ही दारात दिसलो की स्वतःच फोल्डर उघडतो.