सोन्याला सर्किट लागण्याआधी: तयारीची यादी

सर्किट लागलं, म्हणजे भाव ठरलेल्या सीमेला भिडला, की बाजार बंद, असं समजून बरेच जण सोन्याच्या वायद्यात उतरतात. यादीत सगळ्यात आधी हा समज दुरुस्त करायचा, कारण पुढची सगळी तयारी त्यावरच उभी आहे. सौदे थांबणं वेगळं आणि भावाला सीमा लागणं वेगळं. अमेरिकेच्या कॉमेक्स या वायदे बाजारात सोनं तासाभराच्या अवधीत 10 टक्के हललं की सौदे 2 मिनिटं खरोखर थांबतात आणि मग नव्या सीमेसह पुन्हा सुरू होतात. आपल्याकडच्या एमसीएक्स या वायदे बाजारात पायऱ्या आहेत. पहिली सीमा 3 टक्क्यांची, ती ओलांडली गेली की न थांबता 6 टक्क्यांपर्यंत मुभा, तिथेही भाव भिडला की 15 मिनिटांचा थंडावा आणि नंतर 9 टक्के. आंतरराष्ट्रीय भाव त्याहून जास्त हलला असेल तर एक्सचेंज आणखी 3-3 टक्क्यांनी सीमा वाढवू शकतं. त्या 15 मिनिटांत जुन्या सीमेच्या आत सौदे चालूच असतात. फक्त समोर कुणी नसतं.

म्हणून रोज सकाळी पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. आधीच्या दिवसाचा बंद भाव 1000 धरला तर खालच्या बाजूला 970, 940, 910 असे तीन आकडे लिहून ठेवायचे. टक्के बंद भावापासून मोजले जातात, दिवसाच्या उच्चांकापासून नाहीत, हे घाईत हमखास विसरलं जातं. भाव आधी 1020 ला जाऊन मग कोसळला तरी सीमा 940 लाच लागणार, म्हणजे वरून पाहिलं तर घसरण 8 टक्क्यांची झालेली असते. आणि प्रत्येक महिन्याच्या वायद्याचा बंद भाव वेगळा असतो, त्यामुळे आकडेही आपल्या वायद्याचेच काढायचे.

दुसरं काम पैशाचं, आणि इथे जरा जास्त वेळ द्यावा. 12 एप्रिल 2013 च्या शुक्रवारी कॉमेक्सवर सोनं सुमारे 4 टक्के पडलं. सोमवारी, 15 तारखेला, ते 1501.40 डॉलरवरून 1361.10 डॉलरवर आलं, म्हणजे आणखी 9.3 टक्के. दोन सत्रांत मिळून जवळपास 13. आता 10 लाखांचा तेजीचा सौदा आणि 10 टक्के मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, असं गणित धरा. खात्यात दीड लाख आहेत, म्हणजे लाखाच्या मार्जिनवर पन्नास हजारांची उशी. पहिल्या दिवशी 40 हजार गेले. दुसऱ्या दिवशी 9.6 लाखांवर 9.3 टक्के, म्हणजे सुमारे 89 हजार. खात्यात राहिले 21 हजार, आणि उरलेल्या 8.7 लाखांच्या सौद्याला मार्जिन हवं 87 हजार. 66 हजारांचा खड्डा त्याच संध्याकाळी भरायचा. अशा दिवसांत एक्सचेंज जादा मार्जिन लावतं, ते यात धरलेलंही नाही. तेव्हा 10 लाखांच्या सौद्यामागे सव्वादोन लाख लगेच हाताशी येतील असे ठेवता येत नसतील, तर सौद्याचा आकार कमी करावा. मुदत ठेव मोडून पैसे उद्या येणार असतील तर ते या हिशेबात नाहीत.

ब्रोकर वेळेवर सौदा कापेल या भरवशावरही राहू नये. 940 ला खरेदीदारच नसेल तर ब्रोकरलाही विकता येत नाही, आणि खात्यात येणारी उधारी आपल्याच नावावर पडते.

स्टॉप लॉसचं, म्हणजे ठरलेल्या भावाला सौदा आपोआप कापायच्या ऑर्डरचं, तसंच. त्या क्षणीच्या सीमेबाहेरच्या भावाची ऑर्डर यंत्रणा घेतच नाही. सीमेच्या आतला स्टॉप लॉस ट्रिगर झाला, पण त्याला लावलेला भाव बाजार ओलांडून गेला असेल, तर तो नुसता पडून राहतो. मी एकदा असाच निवांत होतो. ट्रिगर झाल्याचा मेसेज आला, सुटलो म्हटलं, आणि दहा मिनिटांनी पोझिशन उघडली तर सौदा जसाच्या तसा! मार्केट डेप्थमध्ये खरेदीच्या पाचही ओळींत शून्य आणि विक्रीच्या पहिल्याच ओळीत भलामोठा आकडा. त्या आकड्यात कुठेतरी मी होतो. तेव्हापासून ट्रिगरच्या मेसेजवर विश्वास नाही, ट्रेड बुकमध्ये भाव दिसला तरच सौदा कटला.

सीमेवर सगळ्यांचा भाव एकच असतो, म्हणून नंबर वेळेनुसार लागतो. विकायचंच ठरलं असेल तर ऑर्डर लवकर लावायची आणि लावल्यावर तिला हात लावायचा नाही. भाव बदलला किंवा नग वाढवले की नंबर गेला. चुळबुळ करणाऱ्याचं इथे फार नुकसान होतं.

भाव अडकलेला असताना खरा भाव कुठे आहे, हे कळायची सोय आधी शिकून ठेवावी. परदेशी भाव आणि चलनाचा दर हा एक मार्ग. दुसरा ऑप्शनचा, जिथे वायदा सीमेला लागूनही ऑप्शनचे सौदे चालू राहतात तिथे. एकाच स्ट्राइकचे, म्हणजे ठरलेल्या भावाचे, कॉल आणि पुट, म्हणजे खरेदीचा आणि विक्रीचा हक्क, यांचे भाव पाहा, स्ट्राइकमध्ये कॉलचा भाव मिळवा आणि पुटचा वजा करा. वायदा 910 वर अडकला आहे, 900 चा कॉल 15 ला आणि पुट 35 ला आहे, तर 900 अधिक 15 वजा 35, उत्तर 880. ऑप्शनवाल्यांच्या मते भाव अजून 30 खाली आहे. म्हणजे 910 ला ‘स्वस्त मिळतंय’ म्हणून घेणारा खरं तर महाग घेतोय. दोन्ही ऑप्शनमध्ये ताजे सौदे होत असतील तरच हे गणित करावं, तासाभरापूर्वीच्या शेवटच्या भावावर केलं तर भलतंच उत्तर येतं.

पुट घेऊन नुकसान गोठवायचा विचारही याच हिशेबाने करावा. वरच्या उदाहरणात 900 च्या पुटचे 35 मोजले तर आपला विक्रीभाव पडला 865. म्हणजे 880 हून 15 खाली, वायदा अडकलेला असताना उद्याची झोप विकत घ्यायची ही किंमत. कधी ती परवडते. मार्जिनची तंगी असेल तर मात्र मोहात पडू नये, कारण प्रीमियमचे पैसे आत्ता रोख जातात आणि मार्जिनची मागणी तरीही येतेच.

आणि पुट घेतलाच, तर रांगेतली विक्रीची ऑर्डर त्याच मिनिटाला रद्द करायची. सीमा 6 वरून 9 टक्के होते, क्षणभर खरेदीदार येतात, विसरलेली ऑर्डर भरली जाते आणि हातात नुसता पुट उरतो. तेजीवाला नकळत मंदीवाला होतो, आणि सोनं त्याच संध्याकाळी उसळलं तर दोन्हीकडून जातं.