मास्टर बजेट: ताळेबंदात ४०,००० चा फरक येतो तेव्हा

मास्टर बजेट म्हणजे विक्री, उत्पादन, नफा, रोकड आणि ताळेबंद यांचे अंदाज एकमेकांना जोडून केलेलं एकत्र बजेट. त्यातला अंदाजित ताळेबंद जुळत नाही म्हटल्यावर बरेच जण रोख शिल्लकच बदलून दोन्ही बाजू सारख्या करतात. या चुकीपासून आधी लांब राहा. रोख शिल्लक फक्त रोकड बजेटातून यायला हवी. फरक तसाच राहू द्या, कारण चूक कुठे आहे हे तोच सांगतो.

उदाहरणासाठी एक छोटा उदबत्ती कारखाना घेऊ आणि जीएसटी, आयकर बाजूला ठेवू. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरमध्ये अनुक्रमे १,०००, १,२०० आणि १,५०० बॉक्स विकायचे आहेत, दर ३०० रुपये. ऑक्टोबरचा अंदाज २,०००. पुढच्या महिन्याच्या विक्रीच्या २० टक्के तयार माल महिनाअखेरीला हाताशी ठेवायचा, म्हणजे सुरुवातीला २०० बॉक्स आणि सप्टेंबरअखेर ४००. विक्री ३,७०० असली तरी उत्पादन ३,९०० करावं लागतं. विक्रीचाच आकडा उत्पादनात उतरवणारे इथेच फसतात: ऐन दिवाळीत माल कमी पडतो आणि कच्च्या मालाची खरेदीही कमी दिसते.

एका बॉक्सला कच्चा माल १५० आणि मजुरी ५०, मिळून २०० रुपये. स्थिर खर्च महिन्याला ६०,०००, त्यात १०,००० घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेचा खर्च, ज्यात रोख बाहेर जात नाही. आता नफा काढू. विक्री ११,१०,०००, विकलेल्या मालाचा खर्च ३,७०० × २०० म्हणजे ७,४०,०००, स्थिर खर्च १,८०,०००. नफा १,९०,०००.

रोकडीची गोष्ट वेगळी. विक्रीचे ६० टक्के त्याच महिन्यात मिळतात, ४० टक्के पुढच्या. कच्च्या मालाचे पैसे महिनाभराने द्यायचे, मजुरी लगेच. म्हणून जुलैच्या वसुलीत जूनच्या विक्रीचे ९६,००० आहेत, आणि जुलैत दिलेले १,२६,००० जूनच्या कच्च्या मालाचे. ऑगस्टमध्ये १,५०,००० चं मशीन रोखीने घ्यायचं आहे.

| | जुलै | ऑगस्ट | सप्टेंबर |
|---|---|---|---|
| सुरुवातीची रोख | ३०,००० | ७८,००० | −५,००० |
| वसुली | २,७६,००० | ३,३६,००० | ४,१४,००० |
| कच्चा माल | १,२६,००० | १,५६,००० | १,८९,००० |
| मजुरी | ५२,००० | ६३,००० | ८०,००० |
| रोख स्थिर खर्च | ५०,००० | ५०,००० | ५०,००० |
| मशीन | – | १,५०,००० | – |
| अखेरची रोख | ७८,००० | −५,००० | ९०,००० |

तिमाहीचं एकत्र बजेट केलं असतं तर ३०,००० वरून ९०,००० एवढंच दिसलं असतं आणि ऑगस्टचा खड्डा झाकला गेला असता. रोकड बजेट महिन्यावारीच करा. इथे मशीन सप्टेंबरमध्ये घेतलं तर काम भागतं.

घसाऱ्याची चूकही याच तक्त्यात होते. स्थिर खर्च ५०,००० ऐवजी ६०,००० धरला तर तीन महिन्यांत रोख ३०,००० ने कमी दिसते आणि मालमत्तेची बाजू तेवढीच तोकडी पडते. फरकाचा आकडा घसाऱ्याएवढा निघाला की मी आधी हीच ओळ पाहतो.

आता ताळेबंद. सुरुवातीचं भांडवल ४,४०,०००. त्यात नफा मिळवून ६,३०,०००. सप्टेंबरच्या कच्च्या मालाचं देणं २,४०,०००. बेरीज ८,७०,०००. दुसऱ्या बाजूला रोख ९०,०००, येणी म्हणजे सप्टेंबरच्या विक्रीचे यायचे ४० टक्के १,८०,०००, तयार माल ४०० × २०० म्हणजे ८०,०००, आणि मशीन: आधीची ४,००,००० + नवं १,५०,००० − घसारा ३०,००० = ५,२०,०००. बेरीज तीच. (साठ्यात फक्त बदलता खर्च धरला आहे; अंतर्गत बजेटला ते चालतं, पण वार्षिक हिशेबात कारखान्याचा स्थिर खर्चही साठ्यात घ्यावा लागतो.)

समजा मालमत्ता ४०,००० ने जास्त निघाली. संशयित दोन आहेत. एक, शिल्लक ४०० बॉक्स विक्रीदराने, म्हणजे १,२०,००० ला धरले. दोन, नफ्याच्या हिशेबात विकलेल्या ३,७०० ऐवजी बनवलेल्या ३,९०० बॉक्सचा खर्च टाकला, त्यामुळे नफा १,५०,००० वर आला. फरक दोन्हीकडे सारखाच. आधी ताळेबंदातला साठा पाहा. तो ८०,००० असेल तर घोळ नफ्याच्या हिशेबात आहे.

आणि ताळेबंद जुळला, तरी एक चूक लपलेली असू शकते. सगळी विक्री रोखीने होईल असं धरून पाहा. सप्टेंबरअखेर येणी शून्य होतात, रोख २,७०,००० होते आणि बेरीज पुन्हा ८,७०,०००! ऑगस्टअखेर १,३९,००० हातात दिसतात, तुटीचा मागमूस नाही. ही चूक कुठल्याच बेरजेत सापडत नाही. त्यासाठी गेल्या वर्षीच्या याच तीन महिन्यांची ग्राहकांची खाती उघडा, आणि बिल झाल्यापासून पैसे खरोखर किती दिवसांनी आले ते मोजून ६०-४० चं प्रमाण तपासा.