रेसिडेंट ईव्हिल २: गोळी कुठे झाडायची, पळ कुठे काढायचा

या हॉरर व्हिडिओ गेमच्या २०१९ च्या रिमेकमध्ये पोलीस ठाण्यात शिरल्यावर गोळ्या संपतात, कारण आपण समोर दिसेल त्या झोंबीच्या डोक्यात गोळी घालत सुटतो. एका झोंबीला किती गोळ्या लागतील याचा नेम नाही. कधी दुसऱ्या गोळीला डोकं फुटतं, कधी सहा खाऊनही तो पुन्हा उठतो. त्यामुळे नेम धरण्याआधी ठरवा, या वाटेने पुन्हा यायचंय का?

पश्चिमेकडचा तळमजल्यावरचा कॉरिडॉर घ्या. डार्क रूमची सेफ रूम, म्हणजे शत्रू येत नाहीत अशी खोली, त्याच बाजूला असल्याने इथे अनेक फेऱ्या होतात. इथले झोंबी मारणं परवडतं, आणि फळ्या मिळाल्या की आधी इथल्या खिडक्या ठोकून घ्या. नाहीतर बाहेरून नवे येत राहतात. याउलट एकदाच जायच्या खोलीत झोंबीच्या एकाच गुडघ्यावर नेम धरा. पाय लटपटला की बाजूने निघून जा. गोळी झाडण्याआधी क्षणभर थांबा, नेमाचं वर्तुळ आवळलं की मार जास्त बसतो. घाईत झाडलेल्या गोळ्या इथेच वाया जातात.

पडलेला झोंबी मेलाच असं धरू नका. जवळून जाण्याआधी सुरी मारून पाहा, हलला तर जिवंत आहे. डोकं फुटलेलं असेल तर मात्र खात्री.

आता सामान. सुरुवातीला ८ खाने असतात, आणि प्रत्येक हिप पाउच आणखी २ देतो. सेफ रूममधून निघताना दोन-तीन खाने रिकामे ठेवा. एक पिस्तूल, त्याच्या गोळ्या, एक औषधी आणि पुढच्या दाराची चावी एवढं पुरतं. चावीवर लाल टिकमार्क आला की तिचं काम संपलं, टाकून द्या. नकाशावर लाल राहिलेल्या खोलीत काहीतरी उचलायचं बाकी असतं. निळी झाली की तिथे पुन्हा जाण्यात वेळ घालवू नका. लिऑन म्हणून खेळताना त्याच्या मॅटिल्डा पिस्तुलाला स्टॉक लावायचा मोह होतो, पण मग ते दोन खाने घेतं आणि एका चापात तीन गोळ्या उडवतं. गनपावडर शक्यतो सेफ रूममधल्या सामानाच्या पेटीशीच मिसळा. दोन साध्या पुड्यांतून पिस्तुलाच्या गोळ्या होतात, साधी आणि पिवळी मिळून शॉटगनची काडतुसं.

लिकर हा राक्षस आंधळा असतो, आवाजावर माग काढतो. धावू नका, हळू चालत त्याच्या बाजूने निघून जा.

सतत पाठलाग करणाऱ्या धिप्पाड मिस्टर एक्सवर गोळ्या झाडणं म्हणजे दगडावर पाणी. फार तर तो गुडघ्यावर बसतो आणि थोड्या वेळात पुन्हा मागे लागतो. त्याच्या बुटांचा आवाज जवळ येतोय की लांब जातोय ते ऐका. सेफ रूममध्ये तो येत नाही. अगदी अडचणीच्या बोळात सापडलात तर फ्लॅश ग्रेनेड टाका आणि लगेच पळा, त्या वेळात त्याच्यावर एकही गोळी घालू नका.