थंबनेलवरून पोस्टर बनवू नका, उलटं करा

एकच डिझाईन व्हिडिओला, बॅनरला आणि छापील पोस्टरला वापरायचं असेल ना तर सुरुवात पोस्टरपासून करा, कारण मोठं चित्र लहान करता येतं पण लहान चित्र मोठं केलं की ते फुटतंच. हिशोब बघा, यूट्यूबचं थंबनेल 1280 × 720 म्हणजे 16:9 आडवं, आणि A3 पोस्टर उभं, 297 × 420 मिमी, त्याला 300 डीपीआयने, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके धरून, 3508 × 4961 पिक्सेल लागतात. आता थंबनेलमधून उभा तुकडा कापला तर रुंदी जेमतेम 509 पिक्सेल उरते, ती A3 वर पसरली की साधारण 44 डीपीआय, म्हणजे अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसणार. सॉफ्टवेअरमध्ये नुसता डीपीआयचा आकडा 72 चा 300 केला म्हणून काही होत नाही, पिक्सेल तेवढेच राहतात!

म्हणून A3 ची फाईल 300 वर उघडा, चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापला जाणारा जादा भाग ठेवा, आणि फोटो, मजकूर वेगवेगळ्या लेयरवर ठेवा. मग थंबनेल करताना चित्र ताणायचं नाही, ताणलं की चेहरे चपटे होतात, लेयर नव्याने मांडायचे आणि उजवा खालचा कोपरा मोकळा सोडायचा कारण तिथे व्हिडिओची वेळ येते. चॅनल बॅनर 2560 × 1440 चा घ्या, पण नाव आणि लोगो मधल्या 1546 × 423 मध्येच बसवा, बाकीचा भाग मोबाईलवर कापला जातो.