तुकड्यांची झोप : बाळाच्या बाबांनी या चुका टाळा

बाळंतीण माहेराहून सोलापूरला परतते तेव्हा बाळ दोन-तीन महिन्यांचं असतं आणि रात्रीतून दोन-तीनदा तरी उठतं. तिथंच पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक होते. बाळ रडलं की आई आणि बाबा दोघंही उठून बसतात. एक पाजते, दुसरा नुसता बघत राहतो, आणि सकाळी दोघंही सारखेच गळालेले असतात. सोबत हवी हे खरं, पण रात्र वाटून घेण्यातच जास्त माया आहे.

समजा बाबांना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सकाळी सातला मागावर उभं राहायचंय. त्यांनी नऊला जेवून दुसऱ्या खोलीत झोपावं आणि दीडपर्यंत उठू नये. तेवढा वेळ बाळ आई आणि आजीकडे. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं आणि गाढ झोप बहुतेक पहिल्या दोन-तीन चक्रांतच मिळते, म्हणून हे साडेचार तास सलग हवेत. दीडनंतर बाळाला उचलणं, लंगोट बदलणं, ढेकर काढणं बाबांकडे. आईनं फक्त पाजायचं आणि परत डोळे मिटायचे. चारच्या सुमारास बाळ निजलं की बाबांना आणखी दीड तास मिळतो.

एप्रिल-मेमध्ये मात्र नऊला खोलीत झोप लागत नाही, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही धग सोडत राहतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, नाहीतर सरळ गच्चीवरच अंथरूण टाका.

दुसरी चूक दुपारच्या सुट्टीतली. पाऊण तास झोपलं की माणूस गाढ झोपेतून उठतो, डोकं जड होतं आणि अर्धा तास हात नीट चालत नाहीत. अशा हातांनी तुटलेला धागा जोडायला मागाशी जाऊ नये. वीस मिनिटांचा गजर लावा. सुट्टीच्या दिवशी वेळ असेल तर पुरा दीड तास घ्या, मधलं काही नको. चारनंतरचा चहाही सोडा. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनीही अंगात असतो, म्हणजे नेमका नऊला.

तिसरी चूक जिवावरची आहे. पहाटे तीनला बाळाला छातीशी घेऊन सोफ्यावर टेकायचं आणि तिथंच डोळा लागायचा. बाळ गादीच्या आणि अंगाच्या फटीत सरकतं, नाक दाबलं जातं आणि रडायलाही आवाज फुटत नाही. एकच ओळ परत परत गुणगुणताय, किंवा मान खाली जाऊन दचकून वर येतेय, हे कळलं की त्याच क्षणी बाळाला त्याच्या जागी उताणं ठेवा. उशी आणि जाड चादर बाजूला काढा. मग आईला किंवा आजीला हाक मारा. त्यांची झोप मोडली तरी चालेल.

मान अशी पडत असेल त्या सकाळी मोटरसायकलही काढू नका. रिक्षानं जा.