आजीच्या पैठणीची घडी

आजीची नऊवारी पैठणी ट्रंकेतून बाहेर काढली, तेव्हा तिच्यावर तीन तऱ्हेच्या खुणा दिसल्या. खिडकीसमोर धरली तर घडीच्या रेषेतून सुईच्या टोकाएवढा उजेड सरळ ओळीत दिसत होता. निऱ्यांच्या बाजूला एक वेडंवाकडं भोक होतं आणि त्याच्या कडेला जुना, बहुधा जेवणाचा, डाग होता. पदरावर काळा पट्टा होता, तोही नेमका रबर बांधलं होतं तिथेच. तुमच्या घरातली जुनी साडीही आधी अशीच उजेडात धरून पाहा. सरळ रेषेतली झीज घडीची असते. वेडंवाकडं भोक आणि आसपास वाळूसारखे बारीक कण दिसले, तर ती कसर. काळेपणा मात्र फक्त जरीवरच येतो.

ठेवण्याआधी साडी स्वच्छ आणि कोरडी हवी. कसरीच्या अळ्यांना घाम आणि अन्नाचा अंश असलेलं रेशीम जास्त आवडतं, आणि खळ असेल तर झुरळं व चंदेरी किडेही येतात. म्हणून नेसलेली साडी लगेच कपाटात टाकू नका. सावलीत, पंख्याखाली तीन-चार तास पसरून ठेवा. ऊन नको, रंग उडतो. डाग असेल तर जरीचं काम जाणणाऱ्या ड्रायक्लीनरकडे द्या. खळ घालू नका, अत्तर मारू नका, टाचण्या आणि पिना सगळ्या काढा.

आता घडीचं. पैठणीच्या पदरात जर आडवी विणलेली असते. आपण काठावर काठ ठेवून उभी घडी घालतो, तेव्हा पदरातली प्रत्येक जरतार एकाच जागी वाकते. जुन्या खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. ती तार त्याच जागी वर्षानुवर्षं दाबली गेली की तुटते, आणि तिची टोकं शेजारचं रेशीम कापतात. त्यामुळे जमेल तर साडी गुंडाळूनच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

कापड दुकानात तागे गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागितल्या की मिळतात. तीन इंच किंवा त्याहून जाड नळी घ्या, साडीच्या पन्ह्यापेक्षा थोडी लांब. पुठ्ठ्यातलं आम्ल रेशमाला लागू नये म्हणून नळीवर आधी स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल आणि वरून धुतलेली मलमल गुंडाळा. साडी पदराच्या विरुद्ध टोकापासून, सुरकुती न पडू देता, सैलसर गुंडाळत या. पदर सगळ्यात शेवटी, म्हणजे बाहेर यायला हवा. तिथे वळण सगळ्यात मोठं मिळतं. वर मांजरपाटाचं आवरण घाला आणि सुती नाडीने सैल बांधा. मांजरपाट कोरं असेल तर गरम पाण्यात दोनदा धुवून त्याची खळ काढा, नीळ घालू नका. हे गुंडाळं पलंगाच्या कप्प्यात आडवं मावतं.

तेवढी जागा नसेल तर घडी घाला, पण उभी घडी मधोमध न घालता तीन भागांत घाला आणि प्रत्येक वळणात मलमलीची अंगठ्याएवढी जाड सुरळी ठेवा, म्हणजे कडक रेघ पडत नाही. तीन महिन्यांनी घड्यांच्या जागा बदला. वर दुसऱ्या साड्यांचा थर नको. हँगरलाही लावू नका, पदराच्या वजनाने रेशीम ताणतं.

जर काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. चांदीवर त्याचा थर बसतो. रबर आणि लोकरीतही गंधक असतं, म्हणून रबर, शाली आणि स्वेटर या साडीजवळ नकोत. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा अडकून राहते, तीही नको. काळी झालेली जर चिंच, टूथपेस्ट किंवा सोड्याने घासू नका. मुलामा इतका पातळ असतो की काळेपणाबरोबर सोनंही निघून जातं.

कसरीसाठी डांबरगोळ्या कधीच साडीत ठेवू नका. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळवून पुरचुंडीत, साडीला न टेकता ठेवला तर चालेल, पण अंडी त्याने मरत नाहीत. कसर लागलीच असेल तर साडी मलमलीत गुंडाळून, हवा काढून प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. प्लॅस्टिक इथे फक्त तेवढ्यापुरतं. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर बंदच राहू द्या, नाहीतर थंड रेशमावर दव धरेल. मग अळ्या आणि कण मऊ ब्रशने झाडा.

पावसाळ्यात साडी उघडू नका. दसऱ्यानंतर कोरड्या दिवशी काढा, उजेडात धरून बघा, आणि आवरणाला पेन्सिलने तारीख लिहिलेली चिठ्ठी लावा. माझ्या आजीच्या साडीतली तुटलेली रेष परत जुळणार नाही. ती आता नेसायची नाही, फक्त नळीवर गुंडाळून ठेवायची, एवढंच ठरलं आहे.